आधारच्या पीडीएफचा पासवर्ड काढायला वेबसाईटवर जाऊ नका, आमच्याकडे ओरिजनल फाईलच आणा

पीक कर्जाचे, स्कॉलरशिपचे फॉर्म सुरू झाले की दुकानात एकच गोष्ट रोज होते. भाऊ किंवा ताई मोबाईल पुढे करतात, त्यात आधारची फाईल असते आणि नावात "unlocked" लिहिलेलं असतं. विचारलं की सांगतात, पासवर्ड मागत होती, मंग गुगलवर सर्च करून एका वेबसाईटवरून काढून घेतला. आम्ही ती फाईल घेत नाही, ओरिजनल मागतो, आणि काहीजण नाराज होतात. काहून मागतो ते इथं लिहून ठेवतो.

ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं इंग्रजी कॅपिटलमध्ये आणि पुढं जन्माचं साल. सुनीता नावाची बाई १९८५ ची असली तर SUNI1985, बस. नाव आधारवर इंग्रजीत जसं आहे तसंच घ्यायचं, बहुतेकांचा पासवर्ड इथंच चुकते. आता हीच फाईल तुम्ही अनलॉकच्या वेबसाईटवर टाकली, तर आधी पूर्ण फाईल त्यांच्या सर्व्हरवर जाते आणि वरून पासवर्डही तुम्हीच टाकून देता. म्हणजे नाव, पत्ता, जन्मतारीख, फोटो आणि १२ आकडी नंबर, सगळं उघडं करून अनोळखी माणसाच्या हाती दिलं.

वेबसाईटवर लिहिलेलं असते की एका तासात फाईल डिलीट करतो. करतही असतील, पण आपल्याला ते तपासायचा मार्ग नाही. वरच्या पट्टीतलं कुलूप पाहून लोक निर्धास्त होतात, पण ते कुलूप फाईल रस्त्यात कोणी वाचू नये यासाठी असते, पलीकडं पोचल्यावर तिचं काय होते याच्याशी त्याचा संबंध नाही. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयच्या डेन्वर ऑफिसनं अशा फुकट कन्व्हर्टरबद्दल इशारा दिला होता, काही वेबसाईट काम करून देतात आणि सोबत व्हायरसही पाठवतात. म्हणून पीडीएफ मागितल्यावर .exe फाईल उतरली तर ती उघडू नका, तिथंच डिलीट करा.

काही वेबसाईट फाईल बाहेर न पाठवता तुमच्याच ब्राउझरमध्ये काम करतात, हे खरं आहे. ओळखायचं असं: पेज पूर्ण उघडू द्या, मंग नेट बंद करा आणि नंतर फाईल निवडा. काम अडकलं तर फाईल बाहेर जाते असंच समजा. झालं तर टॅब आधी बंद करायचा आणि नेट मंगच चालू करायचं, कारण नेट आल्यावर ती पाठवणार नाही याची खात्री या टेस्टनं होत नाही. लग्नपत्रिकेसाठी एवढं पुरते. आधार, सातबारा, बँक पासबुक, मेडिकल रिपोर्ट असेल तर आम्ही अशीही वेबसाईट वापरत नाही.

मंग करायचं काय? कॉम्प्युटरवर फाईल क्रोममध्ये उघडा, पासवर्ड टाका, Ctrl+P दाबा, Destination मध्ये Save as PDF निवडा आणि Save करा. नवीन फाईलला पासवर्ड नसते आणि काहीच बाहेर जात नाही. मोबाईलवर काही ॲपमध्ये हे होते, काहीत प्रिंटच येत नाही, म्हणून कॉम्प्युटरवर केलेलं बरं. एक लक्षात ठेवा, अशा कॉपीतली डिजिटल सही तपासता येत नाही, म्हणून ओरिजनल जपून ठेवा. आणि जिथं पूर्ण नंबर लागत नाही तिथं मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, आधार देणाऱ्या UIDAI च्या साईटवरून डाऊनलोड होते.

ओरिजनल मागायचं दुसरं कारण म्हणजे साईझ. वेबसाईटवर अनलॉक केल्यावर लोक तिथंच कॉम्प्रेसही करतात, आधारवरचा क्यूआर कोड एवढा बारीक असते की तो चिरडून स्कॅनच होत नाही, फॉर्म परत येते आणि तुमचा एक चक्कर वाया जाते. आमच्याकडे ओरिजनल असली तर क्यूआर वाचते का ते मोबाईलनं पाहूनच साईझ कमी करतो.

आधीच कोण्या वेबसाईटवर टाकून बसले असाल तर myaadhaar.uidai.gov.in वर लॉगिन करून ऑथेंटिकेशन हिस्टरी, म्हणजे आधार कधी कधी वापरलं गेलं ते, पाहा आणि बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. शंका आली तर आधारच्या हेल्पलाईनला १९४७ वर फोन करा.

आमच्याकडे पासवर्ड तुम्हीच टाइप करता, काम झाल्यावर फाईल तुमच्यासमोर डिलीट करून रिसायकल बिनही रिकामं करतो. प्रिंट इथून काढली तर अनलॉकचे वेगळे पैसे नाही. वर्डची पीडीएफ करायला लिब्रे ऑफिस आणि पानं जोडायला पीडीएफसॅम बेसिक, दोन्ही फुकट आहेत आणि नेटशिवाय चालतात, घरी लॅपटॉप असला तर आणा, टाकून देतो, फक्त मेहनतीचे घेऊ.