कधीमधी डिलिव्हरी केली म्हणून बाइकचा विमा बाद होतो का?

“खासगी बाइकवरून एकदा जरी जेवणाची डिलिव्हरी केली, तरी विमा कायमचा बाद. म्हणून विमा कंपनीला काही सांगू नका.” असा सल्ला दिला जातो, पण तो चुकीचा आहे.

पॉलिसीच्या कागदावर ‘लिमिटेशन्स अ‍ॅज टू यूज’ असा मथळा असतो, तो काढून वाचा. भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापर आणि मालवाहतूक, या गोष्टी तिथे वगळलेल्या असतात. महिन्यातून किती वेळा, याचा उल्लेख त्यात नसतो. गाडीच्या नुकसानीचा क्लेम आला की मुख्य प्रश्न असतो तो अपघाताच्या वेळी गाडी कशासाठी चालली होती, हा.

समजा, रविवारी दुपारी दोन ऑर्डर पोचवल्या, अ‍ॅप बंद केलं आणि रात्री साडेनऊला नातेवाइकांकडून परतताना गाडी घसरली. दुपारच्या डिलिव्हरीमुळे रात्रीचा प्रवास वगळलेला ठरत नाही. पण पिशवीत ऑर्डर असताना घसरली असती, तर “मी कधीतरीच करतो” हे उत्तर कामाचं नाही. क्लेम नाकारला जाऊ शकतो. अ‍ॅप चालू, हातात ऑर्डर नाही, अशा वेळी मात्र वाद होतो.

त्यामुळे खुलाशात नुसतं ‘अधूनमधून’ लिहू नका. अपघाताची वेळ, कुठून कुठे निघालो होतो, शेवटची ऑर्डर किती वाजता पोचली हे लिहा आणि अ‍ॅपमधली त्या दिवसाची ऑर्डरची यादी जोडा. डिलिव्हरी लपवणं जास्त महागात पडतं: सर्व्हेअर तीच यादी मागू शकतो, आणि खोटं विधान हे क्लेम नाकारायला वेगळं कारण होतं.