जुन्या बग-नोंदींची छाननी

स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या सॉफ्टवेअर प्रकल्पात वर्षानुवर्षे उघड्या राहिलेल्या बग-नोंदी पुन्हा तपासून कोणती ठेवायची, कोणती बंद करायची आणि कोणाला पुन्हा विचारायचे हे ठरवण्याचे काम. ते करणाऱ्याला कोड लिहिता येण्याची गरज नसते. चिकाटी मात्र लागते. लिबरऑफिस या मुक्त ऑफिस-संचाच्या बगझिलावर, म्हणजे बग नोंदवण्याच्या संकेतस्थळावर, ही पद्धत नीट बसलेली आहे, म्हणून पुढील वर्णन तिथले आहे.

नोंद शिळी होण्याची कारणे दोन, आणि त्यांची गल्लत हीच या कामातली सगळ्यात मोठी चूक. पहिल्या प्रकारात प्रकल्पाने नोंद करणाऱ्याकडे फाइल, आवृत्ती किंवा पायऱ्या मागितल्या आणि त्याने उत्तरच दिले नाही. अशा नोंदीची स्थिती `NEEDINFO` असते. सहा महिने काहीच हालचाल झाली नाही तर आठवण जाते आणि आणखी महिनाभर शांतता राहिली तर ती `INSUFFICIENTDATA` म्हणून बंद होते. दुसऱ्या प्रकारात कोणीतरी पडताळून बग खरा असल्याचे सांगितलेले असते, स्थिती `NEW` असते, पण दुरुस्तीला कोणी हात लावलेला नसतो. इथे गप्प बसलेला असतो तो प्रकल्प. वर्षभर न हललेल्या अशा नोंदीवर फक्त विनंती टाकली जाते, की ताज्या आवृत्तीत पुन्हा करून पाहा. उत्तर आले नाही म्हणून ती बंद होत नाही. अनेक गिटहब प्रकल्पांत वापरले जाणारे `actions/stale` हे साधन मात्र मूळ सेटिंगनुसार ६० दिवस हालचाल नसलेल्या नोंदीवर ‘शिळी’ असा शिक्का मारते आणि आणखी ७ दिवसांनी नोंद बंद करते. गप्प कोण राहिले, हे ते विचारत नाही. यादी आखूड होते, बग तसेच राहतात.

पडताळणी कशी होते ते एका कल्पित पण नेहमीच्या धाटणीच्या नोंदीवरून पाहू. २०१४ ची तक्रार: विंडोजवर रायटर या लिबरऑफिसच्या लेखन-प्रोग्राममध्ये ‘दऱ्या’ नीट उमटत नाही, रफार-वजा ‘ऱ्’ तुटतो. त्या काळी विंडोजवर अक्षरजुळणी युनिस्क्राइब हा विंडोजचाच घटक करत असे. फेब्रुवारी २०१७ मध्ये आलेल्या ५.३ आवृत्तीपासून सर्व प्लॅटफॉर्मवर हार्फबझ हे एकच इंजिन आले, म्हणजे तक्रारीचा पायाच बदलला. म्हणून आधी न वाचताच बंद करण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण बग फॉन्टमध्ये असेल तर इंजिन बदलूनही तो टिकतो.

तपासताना शब्द स्वतः टंकू नये, जोडलेल्या फाइलमधूनच उचलावा. हा ‘ऱ्’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो: नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त देऊन, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि पुढे झेडडब्ल्यूजे हे अदृश्य अक्षर देऊन. आपला कीबोर्ड एक लिहितो आणि तक्रार दुसऱ्याची असते, असे सहज घडते. मग बग दिसत नाही आणि ‘माझ्याकडे चालते’ असा चुकीचा शेरा पडतो. फॉन्टही तोच घ्यावा. तरी अक्षर तुटलेच, तर तोच मजकूर त्याच फॉन्टमध्ये फायरफॉक्समध्ये पाहावा. तिथेही हार्फबझच असते. दोन्हीकडे तुटत असेल तर दोष बहुधा फॉन्टचा, आणि नोंद `NOTOURBUG` होते. रायटरमध्ये अक्षर नीटच दिसले तर `WORKSFORME`. `FIXED` लिहायचे नाही, कारण तो शेरा नेमका कोणत्या बदलाने बग गेला हे माहीत असेल तरच चालतो. फक्त रायटरमध्येच तुटत असेल तर नोंद उघडी ठेवून आवृत्ती, फॉन्ट आणि फाइल यांचा नवा तपशील लिहायचा.

बग अजून असेल तर पुढचा प्रश्न: तो पूर्वी नव्हता का? लिबरऑफिसच्या सर्वांत जुन्या ३.३ आवृत्तीत तपासायचे. तिथेही असेल तर आवृत्तीच्या रकान्यात ‘inherited from OOo’, म्हणजे ओपनऑफिसकडून वारसा म्हणून आलेला. तिथे नसेल तर `regression` हा शब्द जोडायचा आणि बायबायसेक्ट करायचे, म्हणजे बिल्डची यादी दर वेळी अर्धी करत बिघाड कुठे शिरला ते शोधायचे. त्यासाठी जुन्या तयार बिल्डचा गिट-साठा मिळतो, कंपाइल करावे लागत नाही.

```
git bisect start master oldest
instdir/program/soffice
git bisect bad
```

दर वेळी बिल्ड चालवून `good` किंवा `bad` सांगायचे. हजार बिल्ड असले तरी साधारण दहा फेऱ्यांत बिघडवणारा बदल सापडतो. तो सापडला की दहा वर्षे जुनी नोंदही हलते, कारण आता ती कोणाला दाखवायची हे कळलेले असते.

विनंतीला येणारी बरीच उत्तरे ‘अजूनही होते’ एवढीच असतात. आवृत्ती आणि पायऱ्यांशिवाय त्याने फक्त तारीख ताजी होते आणि नोंद वर्षभर पुन्हा चाळणीतून निसटते. असे उत्तर पुरावा म्हणून मोजू नये, स्वतः करून पाहावे.