आंतरविभागीय ओळख (नोकरदारांची)

बढती किंवा बदली मागण्याआधी कंपनीतल्या दुसऱ्या विभागांच्या माणसांना आपले काम स्वतःच्या अनुभवातून माहीत झालेले असणे, याला आंतरविभागीय ओळख म्हणतात. ‘दृश्यता’ हा प्रतिशब्द नुसत्या दिसण्यावर भर देतो. नाशिकच्या सातपूर-अंबड पट्ट्यात ‘नजरेत येणे’, ‘नाव वर जाणे’ असे बोलतात. दिसणे वेगळे आणि कामातून माहीत होणे वेगळे, म्हणून येथे ‘ओळख’ हा शब्द योजला आहे.

कल्पनेचा उगम. या कल्पनेचे मूळ बहुधा मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाच्या १९७३ मधील ‘दुबळ्या नात्यां’वरील निबंधात दाखवले जाते. नोकरीची बातमी जवळच्या मित्रांपेक्षा क्वचित भेटणाऱ्या परिचितांकडून अधिक कळते, असे त्यांनी मांडले. मात्र त्यांची माहिती नोकरी बदलणाऱ्यांविषयीची होती. एकाच कंपनीतल्या हालचालीला ती तशीच लावणे ताणल्यासारखे होते. रोनाल्ड बर्ट यांचे काम या विषयाच्या अधिक जवळचे आहे. एका मोठ्या अमेरिकी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या पुरवठा विभागातील ६७३ व्यवस्थापकांचा अभ्यास त्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केला. एकमेकांशी फारसे न बोलणाऱ्या गटांमध्ये ज्यांची ये-जा होती, त्यांच्या सूचना वरिष्ठांना अधिक मोलाच्या वाटल्या आणि पगार व बढतीतही ते पुढे होते.

फ्रेड लुथान्स व सहकाऱ्यांच्या १९८८ मधील अभ्यासावर अधिक वाद आहे. ज्यांना लवकर बढती मिळाली त्या व्यवस्थापकांचा सुमारे ४८ टक्के वेळ संबंध जोडण्यात जात होता. ज्यांच्या विभागाचे काम चांगले आणि हाताखालची माणसे समाधानी होती त्यांचा मात्र सुमारे ११ टक्केच. यावरून ‘कामापेक्षा ओळख मोठी’ असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. तो टिकत नाही. त्या अभ्यासात ‘यश’ म्हणजे नोकरीच्या वर्षांच्या मानाने गाठलेला हुद्दा एवढेच धरले होते, आणि संबंध जोडण्यात कंपनीबाहेरच्या गाठीभेटी व गप्पागोष्टीही मोजल्या होत्या. शिवाय ओळखीमुळे हुद्दा मिळाला की हुद्द्यामुळे ओळखी वाढल्या, हे त्यातून ठरत नाही. कारखान्यापुरते पाहिले तर बर्ट यांचे म्हणणे अधिक पटणारे आहे, कारण त्यात ओळख हे दोन विभागांच्या मधल्या कामाचे फळ आहे.

नाशिकमधील स्वरूप. साठच्या दशकानंतर वाढलेल्या सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या वसाहतींत गाड्यांचे सुटे भाग करणारे कारखाने पुष्कळ आहेत. या धंद्यात आयएटीएफ १६९४९ हे मानक अनेक विभागांनी मिळून काम करण्याची अट घालते. नवीन भागाची पीएफएमईए, म्हणजे प्रक्रियेत कुठे काय बिघडू शकते याची पत्रिका, उत्पादन, गुणवत्ता, देखभाल आणि खरेदीची माणसे एकत्र बसून भरतात. तिच्या वरच्या भागात गटातल्या प्रत्येकाचे नाव असते. ग्राहकाच्या तक्रारीवरील ‘एट-डी’ अहवालाची पहिली पायरीही गट नेमण्याचीच आहे. या कागदांवरची नावे विभागप्रमुख आणि ग्राहकाचे लेखापरीक्षक वाचतात. म्हणून येथे ओळखीचा मुख्य रस्ता सहल, स्नेहसंमेलन किंवा चहाची टपरी हा नसून हे कागद आणि त्यांच्या बैठका हा आहे.

समजा, अंबडच्या एका कारखान्यात प्रेस शॉपच्या गुणवत्ता विभागात एक अभियंता आहे आणि त्याला पुरवठादार गुणवत्ता विभागात जायचे आहे. जुलैत ग्राहकाकडून तक्रार येते की पावडर कोटिंगखाली ब्रॅकेटला गंज आहे. प्रेस शॉप म्हणते कोटिंगचा दोष, कोटिंगवाले म्हणतात पत्राच गंजलेला आला. अभियंता तीन आठवड्यांच्या बिनांची कार्डे स्टोअरमधून काढतो. चाळीसपैकी चौदा बिन प्रेस झाल्यावर दोन दिवसांहून अधिक काळ शटरजवळच्या दमट जागेत पडून होते, आणि गंजलेले सगळे भाग त्या चौदांतलेच निघतात. दोष विभागांच्या मधल्या जागेत होता; कोटिंगचा क्रम नियोजन विभाग ठरवत होता आणि बिन किती दिवस थांबले हे कोणी पाहत नव्हते.

उपाय साधा निघतो. बिनावर प्रेसची तारीख लिहायची, ४८ तास उलटले तर पुन्हा गंजरोधक तेल लावायचे आणि पावसाळ्यात कोटिंगचा क्रम तारखेप्रमाणे ठेवायचा. अहवालात अभियंता स्टोअरच्या सुपरवायझरचे नाव पहिले घालतो, कारण कार्डे त्याने नीट ठेवली नसती तर कारण सापडलेच नसते. अहवाल बाहेर जाण्याआधी तो आपल्या साहेबांना दाखवतो. सप्टेंबरात नियोजन प्रमुख दुसऱ्या एका भागाच्या पीएफएमईएला त्याला नावाने बोलावतात. मार्चमध्ये अंतर्गत जागा निघते तेव्हा मुलाखतीला बसलेल्या तिघांपैकी दोघांनी त्याच्याबरोबर काम केलेले असते. पुरवठादाराकडे जाऊन दोष कसा शोधाल, हा प्रश्न त्यांना फारसा विचारावा लागत नाही.

दोष व खुणा. सर्वांत मोठी चूक क्रमाची असते. अंतर्गत जागेच्या अर्जावर बहुतेक ठिकाणी सध्याच्या वरिष्ठाची सही लागते, आणि त्याला आपल्या माणसाचा विचार दुसऱ्याकडून कळला तर सही अडते. दुसरी चूक म्हणजे प्रत्येक मेल सगळ्या प्रमुखांना ‘सीसी’ करणे. त्याला मराठीत ‘पुढे पुढे करणे’ हा नेमका शब्द आहे. तिसरी चूक हळूहळू उघड होते. दुसऱ्यांच्या बैठकांत वेळ जातो आणि स्वतःच्या लाइनवरचे रिजेक्शन वाढू लागते. ते दोन महिने सलग वाढले, तर बाहेरची कामे थांबवावीत.

ओळख झाली की नाही हे फोनवरून कळते. दुसऱ्या विभागाचा माणूस आपल्या साहेबांमार्फत न विचारता थेट फोन करतो, आणि अडचण पुरती चिघळण्याआधी करतो, तर ती झाली आहे. सगळे बिघडल्यावर फक्त आकडे मागायला फोन येत असेल, तर ती झालेली नाही.

फिरत्या पाळीतल्यांना हे जड जाते. प्रमुखांची रोजची बैठक जनरल शिफ्टला होते, तिसऱ्या पाळीचा माणूस तेव्हा घरी निघालेला असतो. त्याचे काम फक्त पाळी सोपवण्याच्या नोंदवहीत दिसते, म्हणून तिथे ‘मशीन बंद’ एवढेच न लिहिता कारण, वेळ आणि काय केले हे लिहिणे त्याच्या हातात उरते.

मर्यादा. तीस-चाळीस माणसांच्या कारखान्यात मालक सगळ्यांना रोज पाहतो, तिथे हा प्रश्न उद्भवत नाही. कंत्राटी कामगार अंतर्गत जागांसाठी सहसा पात्रच धरले जात नाहीत. ओझरचा विमान कारखाना आणि नाशिक रोडचे छापखाने हे सरकारी उपक्रम असून तेथे सेवानियम व ज्येष्ठतेला अधिक वजन आहे, त्यामुळे वरील वर्णन त्यांना थोड्याच अंशी लागू पडते.