फिजिबल रीजनला खड्डा का पडत नाही: फूरिये ते गोमोरी

लिनिअर प्रोग्रॅमिंगचा, म्हणजे ठरलेल्या अटींत राहून नफा जास्तीत जास्त किंवा खर्च कमीत कमी करायच्या गणिताचा, ग्राफ काढताना आपण तीन-चार रेषा मारतो, प्रत्येकीची एक बाजू शेड करतो आणि जो भाग सगळ्यांच्या शेडिंगमध्ये येतो त्याला फिजिबल रीजन म्हणतो. तो भाग दरवेळी कॉन्व्हेक्सच निघतो, म्हणजे त्यातले कुठलेही दोन पॉइंट घ्या, त्यांना जोडणारा अख्खा रेषाखंड आतच राहतो, कुठे खाच नाही, कुठे मधे भोक नाही. पुस्तकात हे एका ओळीत येतं आणि पुढचं गणित सुरू. पण ही ओळ कुठून आली आणि तिचा उपयोग लोकांना कधी कळला, तो प्रवास मला गणितापेक्षा जास्त आवडतो.

आधी एक उदाहरण हाताशी ठेवू. एक सुतार खुर्च्या आणि चौरंग करतो. खुर्चीला 2 तास कटाई आणि 1 तास पॉलिश, चौरंगाला 1 तास कटाई आणि 3 तास पॉलिश. आठवड्याला कटाईचे 10 तास आहेत आणि पॉलिशचे 15. खुर्च्या x, चौरंग y धरले तर 2x + y ≤ 10, x + 3y ≤ 15, आणि अर्थातच x ≥ 0, y ≥ 0. यातली एकेक अट म्हणजे एकेक अर्धप्रतल, म्हणजे रेषेच्या एका बाजूचा सगळा कागद. चारही अर्धप्रतलांचा सामाईक भाग हा चौकोन, कोपरे (0,0), (5,0), (3,4) आणि (0,5).

आता (5,0) आणि (0,5) हे दोन प्लॅन घ्या, म्हणजे नुसत्या खुर्च्या किंवा नुसते चौरंग. पहिल्याला कटाई 10 तास लागते, दुसऱ्याला 5. दोघांचं मिश्रण करा, पहिल्याचा 30 टक्के आणि दुसऱ्याचा 70 टक्के, तर पॉइंट येतो (1.5, 3.5) आणि त्याची कटाई होते 3 + 3.5 म्हणजे 6.5 तास. (दीड खुर्ची कशी करणार हा प्रश्न बरोबर आहे, त्यावर शेवटी येतो.) मुद्दा असा की मिश्रणाची कटाई ही दोन कटायांचं तसंच मिश्रण असते, कारण डावी बाजू लिनिअर आहे, आणि 10 पेक्षा जास्त नसलेल्या दोन आकड्यांचं असं मिश्रण 10 च्या वर जाऊच शकत नाही. म्हणून एकटं अर्धप्रतल कॉन्व्हेक्स. पॉलिशचंही तेच, 5 आणि 15 तासांचं मिश्रण 12, आणि 12 हे 15 च्या आत. आणि दोन्ही पॉइंट जर *प्रत्येक* अर्धप्रतलात असतील तर रेषाखंडही प्रत्येकात असणार, म्हणजे सामाईक भागातही. झालं प्रूफ. अटी चार असोत की चार हजार, यात काही बदलत नाही. बरोबरीची अट आली तरी ती ≤ आणि ≥ अशी दोन अर्धप्रतलंच असतात. अटी एकमेकींशी भांडल्या आणि सामाईक काहीच उरलं नाही तर रिकामा संचही कॉन्व्हेक्सच धरतात, फक्त तेव्हा सुताराला करण्यासारखं काही नसतं.

हे चित्र फ्रान्सच्या जोसेफ फूरियेने 1820 च्या दशकात पाहिलं होतं, तोच उष्णतेवाला फूरिये. त्याने लिनिअर असमानतांच्या सिस्टीम सोडवायला एकेक चल काढून टाकायची पद्धत दिली आणि तीन चलांच्या बाबतीत अटींमुळे तयार होणाऱ्या बहुफलकाच्या कडेकडेने एका कोपऱ्यावरून दुसऱ्यावर उतरत सगळ्यात खालचा कोपरा गाठायचा, हेही सुचवलं. म्हणजे कोपऱ्यावरून कोपऱ्यावर चालत उत्तर शोधणाऱ्या आजच्या सिम्प्लेक्स पद्धतीचा सांगाडा सव्वाशे वर्षं आधीच कागदावर होता! पण पुढे कोणी फारसं हात लावला नाही. कॉन्व्हेक्स आकारांचा नीट अभ्यास एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मिंकोव्स्की या गणितज्ञाने केला, पण तो नंबर थिअरीच्या, म्हणजे पूर्णांकांच्या गणिताच्या नादात. फूरियेची चल काढायची पद्धत 1936 साली मोट्झकिन या गणितज्ञाच्या बासेलमधल्या थीसिसमध्ये परत वर आली, म्हणून आज तिला दोघांचं नाव आहे.

खरी गरज पडली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. जॉर्ज डॅन्झिग अमेरिकन एअर फोर्ससाठी प्लॅनिंग बघत होता आणि 1947 ला त्याने सिम्प्लेक्स पद्धत मांडली. गंमत म्हणजे कोपऱ्यावरून कोपऱ्यावर चालायची कल्पना त्याने स्वतःच आधी बाजूला ठेवली होती, कारण कोपरे प्रचंड असतात, एवढं चालत बसणार कोण. नंतर प्रश्नाकडे दुसऱ्या भूमितीने बघितल्यावर त्याला वाटलं की ही चाल झटपट संपू शकते, आणि व्यवहारात बहुतेक वेळा तसंच झालं.

आता ही चाल भरवशाची का, तर कॉन्व्हेक्सपणामुळे. खुर्चीला 3 आणि चौरंगाला 4 नफा धरा, आकडे शंभर रुपयांत. (0,0) वरून निघालो, (0,5) वर नफा 20, तिथून (3,4) वर 25, आणि पुढच्या (5,0) वर 15, म्हणून थांबलो. पण शेजारी चांगला नाही म्हणून लांबही चांगला नाही, हे कशावरून? लांब कुठेतरी 25 पेक्षा चांगला पॉइंट असता तर (3,4) पासून तिथपर्यंतचा रेषाखंड आतच राहिला असता आणि त्यावर पहिल्या पावलापासूनच नफा वाढला असता, म्हणजे तो (3,4) च्या अगदी जवळच दिसला असता. दिसत नाही, म्हणजे नाही.

हे कधी मोडतं तेही बघा. समजा सुतार म्हणाला, खुर्ची फार तर एक *किंवा* चौरंग फार तर एक, दोन्ही ढीगभर नको. आतापर्यंत सगळ्या अटी "आणि"ने जोडलेल्या होत्या, ही "किंवा"ने आली. (5,0) चालतो, (0,5) चालतो, पण मधला (2.5, 2.5) चालत नाही, आकार एल सारखा खाच पडलेला झाला. आता खुर्च्यांच्या बाजूने शोधत गेलात तर (4.5, 1) वर नफा 17.5, आजूबाजूला त्याहून बरं काही नाही, तुम्ही खूश. आणि तिकडे दुसऱ्या हातात (1, 14/3) वर जवळपास 21.7 बसलाय. हिरवं रान बघून थांबायचं आणि पलीकडे बाग, असला प्रकार.

दीड खुर्चीचा प्रश्न पण याच जातीचा. फक्त पूर्णांक चालतील म्हटलं की सुटे ठिपके उरतात आणि दोन ठिपक्यांमधली रेषा बाहेर पडते. यावर 1958 मध्ये राल्फ गोमोरीने छापलेली युक्ती भारी आहे, त्याने अजून अर्धप्रतलंच वापरली. पॉलिशचे तास 15 ऐवजी 14 करा, म्हणजे वरचा कोपरा (3.2, 3.6) होतो, नफा 24, पण तुकड्यात. आता कटाईची अट 2/5 ने आणि पॉलिशची 1/5 ने गुणून बेरीज करा, येतं x + y ≤ 6.8. x, y पूर्णांक असतील तर डावी बाजूही पूर्णांक, म्हणून सरळ x + y ≤ 6. या नव्या अर्धप्रतलाने तो तुकड्यांचा कोपरा छाटला जातो, एकही पूर्णांक ठिपका जात नाही, आकार अजूनही कॉन्व्हेक्सच, आणि नवा सर्वोत्तम कोपरा येतो (2, 4), नफा 22. इथे एका छाटीत काम झालं, मोठ्या प्रश्नांत अशा छाट्या मारत बसावं लागतं आणि कधीकधी त्या संपता संपत नाहीत.