शिसे मोजताना: अणुशोषण की प्लाझ्मा उत्सर्जन?

इंदूरच्या अनेक वसाहतींत नर्मदेचे पाणी आणि बोअरचे पाणी एकाच टाकीत पडते. अशा पाण्याच्या तपासणी अहवालात शिशापुढे 'आढळले नाही' असे लिहिलेले असेल, तर ते कोणत्या उपकरणाने म्हटले आहे, हे आधी पाहावे. भारतीय मानक 10500 नुसार पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम आहे, आणि या पातळीवर दोन्ही पद्धतींतला फरक निर्णायक ठरतो.

दोन्ही पद्धती शिशाच्या ठरावीक तरंगलांबीवरच काम करतात, म्हणून त्यांची गल्लत होते. अणुशोषणात शिशाच्याच दिव्याचा प्रकाश शिशाच्या अणूंनी किती गिळला ते मोजतात. प्लाझ्मा उत्सर्जनात हजारो अंश तापलेल्या आर्गॉनमध्ये उत्तेजित झालेल्या अणूंनी व आयनांनी स्वतः किती प्रकाश सोडला ते मोजतात. पहिल्या पद्धतीत सहसा एका वेळी एकच धातू मोजला जातो, तर दुसरीत एकाच फवाऱ्यातून पुष्कळ धातूंचे आकडे हाती येतात.

पण अणुशोषणाचेही दोन प्रकार आहेत, आणि खरी मेख तिथेच आहे. ज्योतीच्या उपकरणात लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम शिसे जेमतेम 0.0002 ते 0.0004 इतके शोषण दाखवते, जे ज्योतीच्या स्वतःच्या चढउतारात बुडून जाते; तिथले 'आढळले नाही' माझ्या मते निरर्थक आहे. ग्राफाइट भट्टीत मात्र सुमारे 20 मायक्रोलिटर नमुना नळीत वाळवून, जाळून, मग एकदम तापवला जातो, आणि लिटरमागे एका मायक्रोग्रॅमहूनही कमी शिसे दिसते. किंमत वेळेत मोजावी लागते, कारण प्रत्येक फेरीला दोन-तीन मिनिटे जातात. प्लाझ्मा उत्सर्जन या दोहोंच्या मध्ये बसते: त्याची शोधमर्यादा लिटरमागे 2 मायक्रोग्रॅम धरली, तर खात्रीने आकडा देण्याची मर्यादा तिच्या सुमारे तिप्पट, म्हणजे 6 ते 7 होते. 10 च्या मर्यादेसाठी एवढे अंतर फारसे सुखावह नाही.

भट्टीलाही स्वतःची खोड आहे. बोअरच्या पाण्यात क्लोराइड जास्त असेल, तर शिसे क्लोराइडच्या रूपात जाळण्याच्या टप्प्यातच उडून जाऊ शकते. त्यासाठी फॉस्फेट किंवा पॅलेडियमसारखे स्थिरक घालतात. तरी घट राहिली का, हे नमुन्यात ज्ञात शिसे मिसळून कळते. समजा वाचन 6 आले, 10 मायक्रोग्रॅम मिसळल्यावर 16 ऐवजी 12 आले: म्हणजे मिसळलेल्यापैकी 60 टक्केच परत मिळाले. मूळ शिशाचीही तेवढीच गळती झाली असे धरल्यास खरा आकडा 6 भागिले 0.6, म्हणजे 10 निघतो. वरवर सुरक्षित दिसणारा नमुना नेमका मर्यादेवर उभा असतो.

म्हणून तांबे, जस्त, लोह, मँगनीज यांचा एकत्रित धांडोळा घ्यायचा असेल, तर प्लाझ्मा पुरेसा आहे. शिशाचा आकडा मर्यादेजवळ आला, तर तोच नमुना भट्टीत पुन्हा तपासावा, आणि अहवालात शोधमर्यादेसोबत ही परतीची टक्केवारीही मागावी.