घोटभर पाण्याने गिळलेली डॉक्सी

जुलैत वाळपईच्या आसपास लावणी जोरात असते आणि त्याच सुमारास औषधाच्या दुकानात डॉक्सीसायक्लिनच्या चिठ्ठ्या वाढतात. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यात पाय बुडवून दिवसभर काम केलं की लेप्टोस्पायरोसिसची भीती असते, आणि या तापाच्या सौम्य रूपावर डॉक्सी हे चांगलं औषध आहे. साधारणपणे १०० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल दिवसातून दोनदा, सात दिवस.

अशीच एक चिठ्ठी घेऊन गेलेली बाई चौथ्या दिवशी परत आली. ताप उतरला नव्हता आणि छातीत आग होत होती. "भाऊ, अ‍ॅसिडिटीचं काहीतरी द्या. घरातली अ‍ॅसिडिटीच्या पातळ औषधाची बाटली दोन दिवस पितेय, पण पेजसुद्धा निखारा गिळल्यासारखी उतरते."

तिने बोट ठेवलं ते छातीच्या बरोब्बर मधे. अ‍ॅसिडिटीची जळजळ बहुधा पोटाच्या वरच्या टोकाकडून वर चढते, वाकलं की वाढते. गिळताना एकाच जागी कळ येणं हे वेगळं लक्षण. विचारल्यावर कळलं की रात्रीची कॅप्सूल ती अंथरुणावर बसून एका घोटात गिळायची आणि लगेच आडवी व्हायची.

घशापासून पोटापर्यंतची अन्ननलिका जेमतेम २५ सेंटिमीटर लांब, पण ओली झालेली कॅप्सूल चिकट असते. पाणी कमी पडलं, त्यात माणूस आडवा झाला, की ती वाटेतच भिंतीला चिकटते. बहुतेक वेळा हृदयातून निघणारी महाधमनी जिथे अन्ननलिकेला टेकते त्या अरुंद जागी. डॉक्सी पाण्यात विरघळली की तिचं पाणी चांगलंच आंबट, म्हणजे आम्लधर्मी होतं. ते तासन् तास एकाच जागी राहिलं की तिथे व्रण पडतो. त्यासाठी बसून किंवा उभं राहून पूर्ण पेलाभर पाणी प्यायचं आणि निदान अर्धा तास, जमलं तर तासभर, पाठ टेकायची नाही. डॉक्सी पेजेनंतर किंवा जेवणानंतर घेतलेली चालते, मळमळही कमी होते.

आता ती पातळ औषधाची बाटली. तिच्यात अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम असतं. डॉक्सीच्या रेणूवर शेजारी शेजारी ऑक्सिजनचे अणू आहेत, ते या धातूंना चिमट्यासारखे धरतात. कॅल्शियम आणि लोहालाही तसंच. धातूला बिलगलेली डॉक्सी आतड्याच्या भिंतीतून रक्तात जात नाही, शौचावाटे बाहेर पडते. म्हणजे कॅप्सूलने केलेली जखम शमवायला घेतलेलं औषध त्या कॅप्सूललाच निकामी करत होतं. तिचा ताप फक्त त्यामुळेच रेंगाळला असं छातीठोक म्हणता येणार नाही, पण चिठ्ठीतला पूर्ण डोस तिच्या रक्तात पोचत नव्हता हे नक्की वाटतं.

मनगटं बघितली तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. बाहीच्या कडेपाशी सरळ रेघ, तिच्या खाली हाताची पाठ लालबुंद आणि हुळहुळी. डॉक्सी त्वचेत असताना उन्हातले अतिनील-ए किरण पडले की त्वचा भाजल्यासारखी होते. ही अ‍ॅलर्जी नव्हे. हे किरण ढगांतून बरेचसे खाली येतात, त्यामुळे पावसाळी आभाळावर विसंबू नये. लांब बाह्या, रुंद काठाची टोपी, आणि जमलं तर दुपारचं काम टाळणं एवढं तरी हवंच.

मी तिला तसंच डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी कॅप्सूल थांबवून दुसरं प्रतिजैविक दिलं. आठवड्याभरात गिळणं सुधारलं. पाणीही उतरेनासं झालं, रक्ताची उलटी झाली, डोळे पिवळे पडले किंवा लघवी कमी झाली, तर मात्र दुकानात नव्हे, थेट इस्पितळात जायचं.

त्याच आठवड्यात तिच्या जावेला डॉक्सी मिळाली. तिला कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या आधीपासून चालू होत्या. तिच्या चिठ्ठीमागे मी लिहून दिलं: सकाळी ८ ला पेजेनंतर डॉक्सी, दुपारी १ ला जेवताना कॅल्शियम, रात्री ८ ला जेवून डॉक्सी, झोप १० नंतर. छातीत जळजळलं तर पातळ औषध सकाळी ११ वाजता, डॉक्सीच्या आसपास नाही. नाचणीचं तिजाण तिला आवडतं, पण नाचणीत कॅल्शियम भरपूर, म्हणून तेही दुपारीच.

लोहाचं मात्र वेळ बदलून भागत नाही. रक्तात पोचलेली डॉक्सी काही प्रमाणात पुन्हा आतड्यात उतरते, आणि तिथे लोह असेल तर ते तिला तिथेही पकडतं. शिरेतून दिलेली डॉक्सीसुद्धा लोहाच्या गोळ्या चालू असताना शरीरातून लवकर निघून जाते, हे मोजून पाहिलेलं आहे. म्हणून डॉक्टरांना विचारून तिच्या लोहाच्या गोळ्या ते सात दिवस बंद ठेवल्या आणि आठव्या दिवशी पुन्हा सुरू केल्या.