मजकुरावरून व्हिडिओची काटछाट: आम्ही पाठवलेला मजकूर कसा तपासावा

चित्रीकरण झाल्यावर आम्ही तुम्हाला कच्च्या व्हिडिओसोबत एक गूगल डॉक पाठवतो. व्हिडिओतले बोलणे त्यात संगणकाने लिहून काढलेले असते आणि प्रत्येक शब्दाला त्याची वेळ जोडलेली असते. त्यामुळे मजकुरातले वाक्य काढले की त्या वेळेचे चित्र आणि आवाजही निघतो. काय ठेवायचे हे तुम्ही सांगलीतल्या दुकानात बसून मोबाइलवर ठरवू शकता.

फक्त एक फरक लक्षात ठेवा. कापणे वेगळे आणि दुरुस्त करणे वेगळे. जे व्हिडिओतून जायला हवे त्यावर आडवी रेघ मारा. जे बोलले बरोबर पण लिहिले चुकीचे, तिथे बरोबर शब्द लाल रंगात लिहा. लाल दुरुस्तीने व्हिडिओ तसाच राहतो, फक्त सबटायटल बदलते. न बोललेला शब्द लिहिल्याने तो ऐकू येणार नाही, त्यासाठी पुन्हा बोलावेच लागेल. आणि शब्द थेट पुसू नका; तो कापायचा होता की चुकून गेला, हे आम्हाला कळत नाही.

मजकूर नुसता वाचून काटछाट का करू नये, हे हळदीच्या लागवडीवरच्या एका व्हिडिओच्या उदाहरणाने सांगतो. वक्ता म्हणतो, "एकरी आठ... नाही, दहा क्विंटल बेणं लागतं." संगणक अडखळणे, पुनरुक्ती, "म्हणजे", "ते आपलं" असे शब्द बऱ्याचदा गाळतो आणि असे लिहितो:

```
00:42.10  एकरी
00:44.30  दहा
00:44.65  क्विंटल
00:45.30  बेन
00:45.60  लागतं
```

वाचायला वाक्य निर्दोष आहे. व्हिडिओत मात्र "आठ, नाही" तसेच आहे आणि मजकुरात नसल्यामुळे रेघ मारायला जागाच नाही. ओळखायची खूण डावीकडच्या आकड्यांत आहे: "एकरी" म्हणायला अर्धा सेकंदही पुरतो, पण पुढचा शब्द 2.2 सेकंदांनी येतो. एवढ्या अंतरात एकतर शांतता असते किंवा गाळलेले बोलणे. अशा ठिकाणी ऐका आणि "इथे आठ, नाही काढा" असा शेरा लिहा. तेवढा तुकडा आम्ही आवाजाच्या आलेखावर बघून हाताने कापतो. जोडावर वक्त्याचे डोके टुणकन हलताना दिसते, म्हणून तिथे बेण्याचा किंवा शेताचा फोटो टाकतो. असे दोन-तीन फोटो आधीच दिलेत तर बरे.

उलटेही होते. वक्ता "करायचंय" म्हणतो आणि संगणक "करायचं आहे" लिहितो. त्यातला "आहे" कापला तर आधीच्या शब्दाचे शेपूट तुटते. म्हणून शक्यतो पूर्ण वाक्य किंवा श्वासापासून श्वासापर्यंतचा भाग कापा. एखादा शब्द कापणे जमते, पण वेळेचे आकडे शब्दाच्या काठावर थोडे मागेपुढे असतात. सेकंदाला 25 फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची. तीन-चार फ्रेम इकडेतिकडे झाल्या तरी अक्षर खाल्ले गेल्याचे ऐकू येते.

आता मराठीच्या चुका. बोलणे लिहून काढायला आम्ही व्हिस्पर हा प्रोग्राम वापरतो आणि त्याला भाषा आधीच सांगतो. नाहीतर तो पहिल्या 30 सेकंदांवरून भाषा ठरवतो, आणि सुरुवातीला संगीत असेल तर मराठीला हिंदी समजू शकतो. नेहमीचे शब्दही आधी देता येतात:

```
whisper halad.mp4 --language mr --model large --word_timestamps True --initial_prompt "हळद, बेणं, सरी, गादीवाफा, क्विंटल"
```

म्हणून चित्रीकरणाआधी तुमच्या वाणांची, खतांची, गावांची नावे लिहून द्या. वीस-पंचवीस शब्द पुरेत. लांबलचक यादीचा उपयोग नाही, कारण मर्यादेपलीकडचा भाग विचारातच घेतला जात नाही.

तरीही "बेणं" चे "बेन", "सरी" चे "सारी" होऊ शकते. हे सगळीकडे एकदम बदलण्याचा मोह टाळा. "सारी" च्या जागी "सरी" टाकले की "सारी माहिती" ची "सरी माहिती" होते. शिवाय "बेणं" सुधारले तरी "बेण्याला" आणि "बेण्याचं" आपोआप सुधारत नाहीत, कारण विभक्ती लागताना मूळ शब्दच बदलतो. एकेक बघूनच बदला. "हळदी ला" असे तुटलेले प्रत्यय तुम्ही सोडून दिलेत तरी चालेल, ते आम्ही जोडतो.

वक्ता गप्प असताना किंवा नुसते संगीत चालू असताना संगणक कधी न बोललेले वाक्य लिहितो, तर कधी एकच ओळ चार-पाच वेळा. तिथे रेघ मारू नका, नाहीतर चांगले दृश्य जाईल. "आवाज नाही" एवढेच लिहा.

आधी कापायच्या रेघा मारून घ्या, मग उरलेल्याच मजकुराची दुरुस्ती करा. जे जाणार ते सुधारण्यात वेळ घालवू नका. दीड, अडीच, साडेचार असे आकडे आणि औषधांचे प्रमाण मात्र मूळ आवाज ऐकूनच तपासा. तुमचा होकार आल्याशिवाय हे आकडे आम्ही सबटायटलमध्ये टाकत नाही.